कोलम दोन रुपयांनी महाग केला तर गिऱ्हाईक जाईल का?

*"सासऱ्यांनी पंचवटीत सुरू केलेलं किराणा दुकान आता माझे दीर बघतात. इंदिरानगरचं दुसरं दुकान मी आणि माझे यजमान चालवतो. सुटा कोलम दोन्हीकडे ६४ रुपये किलो, आम्हाला तो ५६ ला पडतो. भाव थोडा वाढवता येईल असं मला वाटत होतं, म्हणून गेल्या महिन्यात पहिले पंधरा दिवस आमच्याकडे ६८ लावला, पंचवटीत ६४ च ठेवला. त्यांचा ११०० किलो गेला, आमचा ७१०. भाऊजी म्हणाले, 'बघ वहिनी, गिऱ्हाईक पळालं.' मी गुपचूप ६४ वर आले. पण मनाला पटत नाही. भाव वाढला की गिऱ्हाईक किती कमी होतं, हे दोन दुकानांवरून नक्की कळतं का? सोबत दोन्ही दुकानांच्या दोन महिन्यांच्या बिलांचे उतारे पाठवतेय."*
— एक वाचक, नाशिक

ताई, उतारे पाठवलेत ते फार बरं केलंत. तुमच्या आणि भाऊजींच्या वादाचं अर्धं उत्तर त्या कागदांतच आहे.

भाऊजींनी ७१० आणि ११०० हे आकडे समोरासमोर ठेवले, गोंधळ तिथेच सुरू झाला. पंचवटीचं दुकान जुनं, वर्दळीचं. तिथे तांदूळ तुमच्यापेक्षा नेहमीच जास्त जातो, भाव काहीही असो. म्हणून प्रत्येक दुकानाची तुलना आधी त्याच दुकानाशी करायची. त्याच्या आधीच्या महिन्याचे पहिले पंधरा दिवस घ्या, तेव्हा दोन्हीकडे ६४ होता. पंचवटीत ११५० किलो गेला होता, तुमच्याकडे ८००. म्हणजे भाव न वाढवताही पंचवटीची विक्री चार टक्क्यांहून थोडी जास्त उतरली. तुमची उतरली सव्वाअकरा टक्के. जी घट दोन्हीकडे झाली ती महिन्याची, हवेची, बाजाराची. भावाच्या खात्यावर मांडायची ती फक्त त्यावरची, सुमारे सात टक्क्यांची घट. 'गिऱ्हाईक पळालं' म्हणण्याइतकी ती मोठी नाही.

पण हे सात टक्केही मला खरे वाटत नाहीत, कारण उताऱ्यात अजून एक गोष्ट दिसते. आधीच्या महिन्यात चार तारखेला तुमच्याकडे एकाच बिलावर २५ किलोचे तीन कट्टे गेले आहेत. बिल एका खाणावळीच्या नावे आहे. चाचणीच्या महिन्यात असं बिलच नाही. ते ७५ किलो बाजूला काढले तर घरगुती विक्री ७२५ वरून ७१० वर आली, म्हणजे जेमतेम दोन टक्क्यांनी. पंचवटीतलीही अशी कट्ट्यांची बिलं काढून पाहिली. आधी चार कट्टे होते, चाचणीच्या महिन्यात तीन. उरलेली विक्री १०५० वरून १०२५, म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के घट. दोन्ही दुकानं सारखीच उतरली. एका खाणावळीने अख्खा निकाल फिरवला होता.

आता ती खाणावळ भावामुळे गेली, की तिला त्या आठवड्यात तांदूळ लागलाच नाही, हे कागद सांगणार नाही. ते विचारावं लागेल. कट्ट्याने घेणारं गिऱ्हाईक भावाला सगळ्यांत हळवं असतं. त्याला घाऊकचा भाव ठाऊक असतो आणि दोन रुपयांचा फरक त्याला कट्ट्यामागे ५० रुपये दिसतो. म्हणून असली बिलं फेकून द्यायची नाहीत, वेगळी मोजायची. माझं मत विचाराल तर खाणावळींना पुढच्या चाचणीत घेऊच नका. त्यांचा भाव तुम्ही एरवीही वेगळा बोलूनच ठरवता.

तिसरी गोष्ट मात्र तुम्हाला जरा टोचेल. त्या पंधरा दिवसांत तुमच्याकडे कोलमची एकूण रक्कम ४७,२१५ रुपये जमा झाली. तिला ७१० ने भागा. साडेसहासष्ट येतात. पाटीवर ६८ आणि गल्ल्यात ६६.५०! म्हणजे काउंटरवर कुणीतरी, बहुधा तुमच्या यजमानांनी किंवा मुलाने, "अहो काका, तुम्हाला जुन्याच भावाने देतो" असं बऱ्याच जणांना म्हटलेलं आहे. त्यात चूक काही नाही, किराणा असाच चालतो. पण चाचणीच्या दृष्टीने हे वाईट झालं, कारण सवलत मिळाली ती भाव वाढल्याची तक्रार करणाऱ्यांना. ज्यांची प्रतिक्रिया तुम्हाला मोजायची होती, नेमक्या त्यांनाच जुना भाव मिळाला. त्यामुळे तुम्ही ६८ ची चाचणी घेतलीच नाही. घेतली ती 'ज्याला चालतं त्याला ६८, जो कुरकुरतो त्याला ६४' याची. दोन दुकानांवर भाव तपासणाऱ्या प्रत्येकाने रोज रात्री हा एक भागाकार करावा: त्या मालाची रक्कम भागिले किलो. पाटीशी आकडा जुळत नसेल तर पुढचा हिशेब करू नये.

तर भाऊजींचं म्हणणं सिद्ध झालेलं नाही. पण ताई, तुमचंही झालेलं नाही, आणि आता मला तुमच्या प्रश्नाबद्दलच थोडं बोलायचं आहे.

तुम्ही विचारताय की भाव वाढला तर कोलम किती किलो कमी जाईल. पण नुसते किलो मोजले तर उत्तर जवळजवळ दर वेळी 'भाव वाढवा' असंच येईल. कसं ते बघा. ६४ ला तुम्हाला किलोमागे आठ रुपये सुटतात, ६६ केला तर दहा. आठाचे दहा झाले म्हणजे विक्री वीस टक्के घटली तरी तांदळावरची मिळकत तेवढीच राहते. थेट ६८ केला तर आठाचे बारा होतात आणि विक्री एक तृतीयांश घटली तरी चालते. दोन रुपयांसाठी नेहमीच्या वापरातला तांदूळ एकदम वीस टक्के घटणं अवघडच. नफा पातळ असलेल्या कुठल्याही मालाचं हे असंच असतं: साखर, तेल, तूरडाळ, काहीही घ्या. नफ्यात पडलेली थोडीशी भरही हिशेबात मोठी दिसते. मग भाव वाढवायला कोण घाबरेल? तरी सगळे जुने दुकानदार घाबरतात, आणि त्यांची भीती खोटी नसते.

ती भीती तांदळाची नसते, यादीची असते. इंदिरानगरसारख्या वस्तीत महिन्याची यादी देणारं घर तांदूळ घ्यायला येतं आणि सोबत डाळ, तेल, साखर, चहा, मसाले, साबण नेतं. तुमच्या उताऱ्यात अशा यादीचं बिल सरासरी ३,२०० रुपयांच्या आसपास दिसतं. सगळा माल मिळून ढोबळ नफा दहा टक्के धरू. (तुमचा खरा आकडा तुम्हालाच ठाऊक, तो घालून हिशेब पुन्हा करा.) म्हणजे त्या घरामागे महिन्याला ३२० रुपये सुटतात, आणि त्यात दहा किलो कोलमचे असतात फक्त ८०.

आता भाव दोन रुपये वाढवला. जे घर टिकलं त्याच्याकडून महिन्याला २० रुपये जास्त आले. जे घर यादी उचलून दुसरीकडे गेलं त्याचे ३२० गेले. सोळा घरांकडून आलेली भर एका घराच्या जाण्याने संपते. सतरा घरांमागे एक घर गेलं की तुम्ही बरोबरीत, त्याहून जास्त गेली की तोट्यात. किलोंचा हिशेब वीस टक्क्यांपर्यंत बिनधास्त राहायला सांगत होता, घरांचा हिशेब सहा टक्क्यांवरच थांबवतो. चार रुपये वाढवले तर नवांत एक. म्हणून पुढच्या वेळी किलो जरूर लिहा, पण निर्णय घरांवर घ्या.

गिऱ्हाईक सगळंच सोडतं असंही नाही. काही घरं यादी तुमच्याकडेच देतात, फक्त तांदूळ दुसरीकडून आणतात. काही कोलम सोडून एचएमटी किंवा सोनामसुरीकडे वळतात, म्हणजे पैसे तुमच्याच गल्ल्यात येतात, फक्त नफा बदलतो. काही जण दहाऐवजी पाच किलो नेऊन 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणतात. या सगळ्यांत कोलमचे किलो सारखेच कमी झालेले दिसतात, तुमच्या खिशावरचा परिणाम मात्र निरनिराळा असतो. बिलावर मोबाइल नंबर टाकायची सवय असेल तर हे घरागणिक कळतं. नसेल तर चाचणीआधी दोन-तीन महिने ती लावून घ्या. त्याशिवाय ही चाचणी करण्यात अर्थ नाही, हे मी जरा कडकच सांगते.

आता प्रत्यक्ष चाचणीकडे येऊ. पण तीही लगेच नको. आधी बिलिंगमधून मागचे सहा महिने काढा, ज्यांत दोन्हीकडे भाव एकच होता. कट्ट्यांची बिलं वगळून दर महिन्याला एकच आकडा लिहा: पंचवटीत शंभर किलो गेला तेव्हा इंदिरानगरला किती गेला? तुमच्या दोन उताऱ्यांत, खाणावळ धरून, हा आकडा आधी ७० आणि चाचणीत साधारण ६५ येतो. आता समजा भाव सारखा असतानाही सहा महिन्यांत हा आकडा ६४ ते ७३ असा हलत होता. मग ६५ आला याचा अर्थ काहीच नाही, तो भावाला हातही न लावता आला असता. उलट तो आकडा दर महिन्याला ६९ ते ७१ मध्येच राहत असेल, तर ६५ दखल घेण्यासारखा आहे. कुठलाही बदल न करता आकडा आपसूक किती हलतो हे माहीत नसेल, तर बदलानंतरच्या हलण्याला अर्थ देता येत नाही. या सहा आकड्यांना अर्धा तास पुरेल, आणि त्यातूनच तुमच्या दोन दुकानांवर दोन रुपयांचा परिणाम दिसण्यासारखा आहे की नाही ते कळेल. आकडा फार हलत असेल तर निदान किलोंवरून तुम्हाला काही कळणार नाही, हे आधीच मान्य करून टाका.

भाव कधी बदलायचा? महिन्याच्या मधे नको, एक तारखेलाही नको. पगार झाले की साधारण पहिल्या दहा दिवसांत याद्या येतात, म्हणून पाटी २५ तारखेला बदला आणि पुढच्या २४ पर्यंत तशीच ठेवा. यादीची एक अख्खी फेरी एकाच भावात बसते. तुमच्या पंधरा दिवसांत भरणा झाला, पण महिन्याच्या उत्तरार्धातली 'दोन किलो द्या हो' वाली किरकोळ खरेदी सुटली. शिवाय ज्याने भाव वाढायच्या आदल्या दिवशी वीस किलो नेला असेल, तो पंधरा दिवस फिरकणार नाहीच. त्यावरून तो रुसला म्हणू नये.

महिने निवडताना श्रावणापासून दिवाळीपर्यंतचा काळ टाळा. उपवास, गणपती, पितृपक्ष, फराळ यांत तांदळाची विक्री कुठल्याही भावाचं ऐकत नाही. मार्च संपला की वर्षाचं धान्य भरणारी घरं बाजारात उतरतात, तेही नको. संक्रांतीनंतर २५ जानेवारीला सुरू करून २४ मार्चला संपवलं तर याद्यांच्या दोन फेऱ्या बऱ्यापैकी शांत काळात मिळतात. नाशिककरांसाठी एक जादा सूचना: सिंहस्थाच्या दिवसांत पंचवटीच्या दुकानाचा आकडा तुलनेला घेऊच नका. रामकुंडाच्या आसपास तेव्हा जे गिऱ्हाईक येतं ते तुमच्या याद्यांचं नसतं.

पहिल्या फेरीत इंदिरानगरला ६६ आणि पंचवटीत ६४. दुसऱ्या फेरीत उलट, पंचवटीत ६६ आणि इंदिरानगर पुन्हा ६४. ही अदलाबदल सगळ्यांत महत्त्वाची आहे. पहिल्याच फेरीवर थांबलात आणि त्याच महिन्यात तुमच्या कोपऱ्यावर एखादं मार्ट उघडलं, तर दोष भावाच्या माथी जाईल. भाव पंचवटीत गेल्यावर घटही त्याच्यामागे पंचवटीत गेली, तर ती भावाची. ती इंदिरानगरलाच थांबली, तर कारण दुसरं शोधा. तिसऱ्या महिन्यात दोन्हीकडे ६४ ठेवून बघा, गेलेली घरं परत आली का. यादी एकदा दुसऱ्या दुकानात गेली की भाव उतरल्याचं त्या घराला कळतही नाही. चाचणीची ही किंमत आधी कुणी मोजत नाही.

या काळात बाकी काही बदलायचं नाही. तांदूळ दोन्हीकडे एकाच लॉटचा हवा. एकीकडे जुना आणि दुसरीकडे नवा गेला तर नवा भात चिकट होतो, गिऱ्हाईक त्याची तक्रार करतं आणि तुम्ही ती भावाची म्हणून लिहिता. मधेच घाऊकचा भाव चढला तर दोन्ही दुकानांत तेवढेच रुपये वाढवा, फरक दोनाचाच राहू द्या आणि तारीख लिहून ठेवा. घरपोच देणारा मुलगा, उधारीचे दिवस, पोत्याची जागा, सगळं जसं होतं तसं. आणि चाचणी सुट्याच मालावर घ्या. तुम्ही आधीच भरून ठेवलेल्या पाच किलोच्या पिशव्या विकत असाल, तर त्यांवर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि छापल्यापेक्षा जास्त घेता येत नाही. शिवाय जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदळावर पाच टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. दोन्ही प्रकार एकत्र मोजलेत तर हिशेब बिघडेल.

काउंटरवर काय बोलायचं हेही आधी ठरवा. नाशिक काही इतकं मोठं नाही, कुणाची तरी बहीण पंचवटीत राहतेच. "तिथे ६४ आहे की!" असं कुणी म्हणालं तर बनवाबनवी नको. सरळ सांगा, "हो, सध्या दोन दुकानांचे भाव वेगळे आहेत, तुम्हाला ६४ ने देते." ते बिल ६४ नेच करा आणि वहीत त्या दिवशी एक रेघ मारा. आपणहून मात्र कुणालाही सवलत द्यायची नाही. महिनाअखेरीस त्या रेघा किती हे विक्रीच्या आकड्याइतकंच बोलकं असतं. त्यांत यादीवाले किती आणि वाटसरू किती, हेही बघा.

आता भाऊजी. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण दोन्ही दुकानांचा नफा वेगवेगळ्या घरांत जात असावा असं मला वाटतं. तसं असेल तर ६६ च्या महिन्यात ज्याचं दुकान तोट्यात जाईल तो चाचणी मधेच थांबवेल, आणि थांबवणारच. त्या दोन महिन्यांचा कोलमचा नफा एका डब्यात टाकून निम्मा-निम्मा वाटून घ्यायचं ठरवा. दुसरं म्हणजे, पाटी बदलायच्या आधी दोघांनी बसून एका कागदावर लिहून ठेवा: किती घरं गेली तर मागे यायचं, किती टिकली तर ६६ कायम. भाऊजींना त्यांचा अंदाजही लिहू द्या. निकाल हातात आल्यावर ठरवायला बसलात तर तुम्ही तुमच्या मनातलं वाचाल आणि ते त्यांच्या.

निकाल कसा वाचायचा ते एका उदाहरणाने सांगते. समजा इंदिरानगरला गेले तीन महिने सलग कोलम नेणारी १४० घरं आहेत. एरवीही कुठल्याही महिन्यात त्यांतली बारा-एक घरं दिसत नाहीत. कुणी गावी गेलेलं असतं, कुणाकडे आधीचा उरलेला असतो. ६६ च्या महिन्यात वीस दिसली नाहीत, आणि पंचवटीत गैरहजर घरं नेहमीइतकीच राहिली. म्हणजे जादा गेली ती आठ घरं. १४० मध्ये आठ म्हणजे सतरात एकच्या अगदी काठावर, म्हणजे तुम्ही बरोबरीत. इथे किलोंचा हिशेब तुम्हाला 'मस्त चाललंय' म्हणाला असता. त्या वीसही घरांना फोन करा. 'दुकान का सोडलं' असं विचारू नका, 'या महिन्याची यादी राहिली का' एवढंच विचारा. उत्तरांवरून गावी गेलेली कोण आणि दुकान बदललेली कोण, ते बरंच कळतं. पुढच्या फेरीत पंचवटीतही ६६ ला साधारण तसाच प्रकार दिसला तर त्यावर विश्वास ठेवा. पंचवटीत जास्त घरं गेली तरी नवल नाही. बाजार समितीचं आवार तिथून जवळ, आजूबाजूला दुकानंही दाट, त्या गिऱ्हाइकाला पर्याय दोन पावलांवर असतो. मग दोन दुकानांचे भाव कायमचे वेगळे ठेवायचे की नाही, हा वेगळा प्रश्न उभा राहील. माझा कल एकच भाव ठेवण्याकडे आहे. एकाच नावाच्या दोन पाट्यांवर दोन भाव फार दिवस लपत नाहीत.

आणि काहीच फरक दिसला नाही तर? त्याचा अर्थ 'गिऱ्हाइकाला फरक पडत नाही' असा काढू नका. फरक असलाच तर तुमच्या दुकानांच्या नेहमीच्या चढउतारापेक्षा लहान आहे, इतकंच कळलं. ६६ करायला तेवढं पुरेसं आहे, ७० करायला अजिबात नाही. ६४ वरून ६६ ला जे झालं ते ६८ वरून ७० ला होईलच असं नाही. मधेच कुठेतरी शेजारच्या मार्टचा भाव असतो आणि तो ओलांडला की गिऱ्हाईक एकदम वेगळं वागतं. तो भाव रोज वहीत लिहा.

यात अजून एक पर्याय आहे, जो तुम्ही विचारला नाहीत. महिन्याला घरामागे वीस रुपये हवे असतील तर ते कोलममधूनच कशाला? साखर, तेल, तांदूळ, तूरडाळ आणि चहा, एवढ्यांचे भाव बहुतेक घरांना तोंडपाठ असतात. खोबरं, तीळ, खसखस, धने, पोहे यांचे नसतात. यादीतल्या अशा चार-पाच जिनसांवर मिळून वीस रुपये निघत असतील तर ते कमी धोक्याचे आहेत, आणि चाचणी याच पद्धतीने त्यांच्यावरही घेता येते. फक्त तिथे किलो इतके थोडे असतात की विक्रीच्या आकड्यांत काहीच दिसणार नाही, घरंच मोजावी लागतील.

सुरुवात या आठवड्यातच करा, पाटीला हात न लावता. सहा महिन्यांचे ते सहा आकडे काढा आणि त्या खाणावळीला फोन करून विचारा की गेल्या महिन्यात कट्टे कुठून घेतले.